स्लाइड वापरावी कशी: प्रथम वर्षाच्या मुलांपुढे केलेले छोटे भाषण

वारणाकाठची (इंटर्न, मिरज)

आमच्या वसतिगृहात नवी तुकडी आली की इंटर्नांपैकी कोणीतरी त्यांच्याशी अभ्यासाबद्दल थोडा वेळ बोलण्याची पद्धत आहे. यंदा ते काम माझ्याकडे आले. ज्यांना येता आले नाही त्यांनी लिहून मागितले, म्हणून बोललेले जवळजवळ तसेच येथे देत आहे. वैद्यकीय शाखेबाहेरच्या वाचकांना उदाहरण थोडे परके वाटेल, पण अडचण त्यांनाही ओळखीची असावी.

शरीरक्रियाशास्त्राच्या तासाची पीपीटी संध्याकाळपर्यंत ग्रुपवर येते आणि दुसऱ्या दिवशी तिची झेरॉक्स हातोहात फिरते. स्लाइड वाचू नका असे मी म्हणणार नाही, मीही त्यांवरच अभ्यास केला आहे. मला फक्त एका स्लाइडबद्दल बोलायचे आहे, कारण तुमच्यापैकी बहुतेकांनी ती या आठवड्यात पाहिली आहे: ऑक्सिजन आणि हिमोग्लोबिनचा डिसोसिएशन कर्व्ह. मध्ये इंग्रजी एस अक्षरासारखी वळलेली एक रेषा, तिच्या डावीकडे एक आणि उजवीकडे एक रेषा, आणि बाजूला पाच ओळी: पी-फिफ्टी, म्हणजे ज्या ऑक्सिजनच्या दाबाला निम्मे हिमोग्लोबिन भरलेले असते तो दाब, सुमारे २७ मिलिमीटर, उजवीकडे सरकवणारे घटक म्हणजे वाढलेला कार्बन डायऑक्साइड, वाढलेली आम्लता, वाढलेले तापमान आणि तांबड्या पेशींतले वाढलेले २,३-डीपीजी हे रसायन, डावीकडे सरकवणारे घटक याच्या उलट.

यातले काहीही चुकीचे नाही आणि लघुत्तरी प्रश्नाला एवढे लिहिले तर गुण मिळतात. आता वायव्हातला, म्हणजे तोंडी परीक्षेतला, एक साधा प्रश्न घ्या. एका स्त्रीचे हिमोग्लोबिन ७ ग्रॅम आहे, फुप्फुसे निरोगी आहेत, तर तिच्या धमनीतल्या रक्ताची ऑक्सिजन संपृक्तता, म्हणजे सॅच्युरेशन, किती असेल? स्लाइड पाठ असलेली मुलेही बहुधा ‘निम्मे, पन्नासच्या आसपास’ असे उत्तर देतात. बरोबर उत्तर सुमारे ९७ टक्के, म्हणजे तुमच्या-माझ्याइतकेच.

ही चूक होते कुठे, ते पाहण्यासाठी झेरॉक्स हातात घ्या. एका पानावर सहा स्लाइड छापल्यामुळे उभ्या अक्षावरची अक्षरे पुसट होऊन गेली आहेत. मूळ स्लाइडवर उजवीकडची रेषा लाल आणि डावीकडची निळी होती, येथे दोन्ही राखाडी आहेत. त्या उभ्या अक्षावर ‘सॅच्युरेशन, टक्के’ असे लिहिलेले होते. म्हणजे ती रेषा रक्तात ऑक्सिजन किती आहे हे सांगतच नाही, जेवढे हिमोग्लोबिन आहे त्यातला किती भाग भरलेला आहे एवढेच सांगते. वर्गात सरांनी हे तोंडाने सांगितले होते आणि सांगताना अक्षावर बोट ठेवले होते. बोट ठेवल्याची नोंद पीपीटीत राहत नाही.

आता हिशेब करू. एक ग्रॅम हिमोग्लोबिन पूर्ण भरले तर १.३४ मिलिलिटर ऑक्सिजन धरते. निरोगी माणसात १०० मिलिलिटर रक्तात १५ ग्रॅम हिमोग्लोबिन धरले तर १.३४ × १५ × ०.९७ म्हणजे १९.५ मिलिलिटर, आणि रक्तद्रवात विरघळलेला ऑक्सिजन साधारण ०.३, एकूण १९.८. त्या स्त्रीच्या रक्तात १.३४ × ७ × ०.९७ म्हणजे ९.१, अधिक तोच ०.३, एकूण ९.४. सॅच्युरेशन सारखे, विरघळलेला ऑक्सिजन सारखा, पण प्रत्यक्ष माल निम्म्याहून कमी.

येथे थांबू नका, कारण पी-फिफ्टी हा आकडा कशासाठी आहे ते पुढच्या पायरीवर कळते. विश्रांतीत ऊती दर १०० मिलिलिटरमागे साधारण ५ मिलिलिटर ऑक्सिजन काढून घेतात. निरोगी माणसाच्या शिरेत १४.८ उरतात, म्हणजे सॅच्युरेशन जवळपास ७५ टक्के, आणि कर्व्हवर ७५ टक्क्यांसमोर ४० मिलिमीटर दाब येतो. त्या स्त्रीच्या शिरेत मात्र ४.४ उरतात, तिचे हिमोग्लोबिन पूर्ण भरले तर ९.४ धरते, म्हणून सॅच्युरेशन ४७ टक्के. ४७ टक्क्यांसमोरचा दाब कर्व्हवर वाचा, तो पी-फिफ्टीच्याही किंचित खाली येतो. ऊतींपर्यंत ऑक्सिजन ढकलणारा दाब इतका उतरला, आणि हे सारे धमनीतले सॅच्युरेशन ९७ असताना. पाच ओळींपैकी एकही ओळ हे सांगत नाही, पण त्याच स्लाइडवरची रेषा हाताने वाचली तर सगळे तिच्यातच आहे.

म्हणून मी काय करत असे, एवढेच सांगते. तासाआधी पीपीटी मिळाली तर फक्त शीर्षके आणि आकृत्या चाळायच्या, ओळी वाचायच्या नाहीत. तासाला पेन्सिल हातात ठेवून सर जे बोलतात पण स्लाइडवर नाही, तेवढेच समासात लिहायचे. स्लाइडवरचे पुन्हा उतरवून घेण्यात तास वाया जातो. त्याच रात्री स्लाइड बंद करून आकृती कोऱ्या कागदावर काढायची, अक्षांची नावे आणि एककांसह, आणि ती रेषा तशी का वळते हे लिहून पाहायचे. जेथे हात अडतो तो प्रश्न घेऊन पुस्तक उघडायचे. अख्खे प्रकरण वाचायला वेळ नसतो हे मला माहीत आहे, परंतु प्रश्न हातात असला की बहुधा तीन-चार पाने पुरतात.

---

अगस्ती (प्रथम वर्ष, कराड)

ताई, लेख वाचून कर्व्ह काढून पाहिला. एक शंका आहे. रक्तक्षयात २,३-डीपीजी वाढते असे आमच्या स्लाइडवर स्पष्ट लिहिले आहे आणि ते वाढले की कर्व्ह उजवीकडे सरकतो. उजवीकडे सरकला म्हणजे त्याच दाबाला सॅच्युरेशन कमी. मग त्या स्त्रीचे सॅच्युरेशन ९७ कसे राहील? ते कमीच असायला हवे, म्हणजे वायव्हात ‘कमी’ म्हणणारी मुले पूर्ण चुकली असे म्हणता येणार नाही.

---

वारणाकाठची

अगस्ती, तुझे पहिले वाक्य बरोबर आहे आणि दुसरेही. गडबड तिसऱ्यात आहे, कारण कर्व्ह सरकतो तो सगळीकडे सारख्या परिणामाने नाही. तू काढलेल्या आकृतीत ९५ मिलिमीटरवर उभी रेषा मार आणि तिन्ही कर्व्ह तिला कोठे छेदतात ते पाहा. वर सपाट भागात ते एकमेकांना जवळजवळ चिकटलेले असतात, फरक पडला तर एखाद्या टक्क्याचा. आता ३० मिलिमीटरवर तशीच रेषा मार. तेथे तिन्ही कर्व्ह चांगले फाकलेले दिसतील. उजवीकडे सरकण्याचा उपयोग शिरेच्या बाजूला आहे. सॅच्युरेशन तेच ४७ टक्के, पण सरकलेल्या कर्व्हवर त्या ४७ टक्क्यांसमोरचा दाब थोडा वरचा येतो, म्हणजे ऊतींना तेवढाच ऑक्सिजन जरा जास्त दाबाने मिळतो. फुप्फुसात फारसे गमवायचे नाही आणि ऊतींत कमवायचे, अशी ती सोय आहे.

तुझ्या स्लाइडवर तीन रेषा आहेत, पण बहुतेक स्लाइडवर त्या दिसाव्यात म्हणून मुद्दाम दूर दूर काढलेल्या असतात, अगदी वरच्या सपाट भागातही. त्यामुळे तुझा गैरसमज होणे साहजिक आहे.

---

अजिंक्यतारा (निवृत्त प्राध्यापक, सातारा)

मी हा विषय अनेक वर्षे शिकवला, म्हणून स्लाइड बनवणाऱ्याची बाजू मांडतो. तासाची स्लाइड ही वाचायला दिलेली टिपणे नसतात, ती बोलणाऱ्याची आठवण असते. मी स्वतः कर्व्हच्या स्लाइडवर मुद्दाम कमी मजकूर ठेवत असे, कारण मजकूर दिसला की वर्गाच्या माना खाली जातात आणि उतरवणे सुरू होते. पुढे त्याच स्लाइड विद्यार्थ्यांच्या हातात पुस्तकाऐवजी दिसू लागल्या, आणि मग काही सहकाऱ्यांनी उलट टोक गाठून अख्खे परिच्छेद स्लाइडवर चिकटवायला सुरुवात केली. त्या स्लाइड दाखवायलाही निरुपयोगी आणि वाचायलाही.

इंटर्न बाईंच्या हिशेबात एक भर घालतो, म्हणजे कोणी तो जसाच्या तसा पाठ करणार नाही. हिमोग्लोबिन ७ झालेला माणूस दर १०० मिलिलिटरमागे ५ मिलिलिटर काढत बसत नाही. रक्तक्षयात रक्ताचा दाटपणा कमी होतो, वाहिन्या सैल पडतात, हृदयातून दर मिनिटाला बाहेर पडणारे रक्त वाढते, आणि ऑक्सिजनची गरज तेवढीच असल्यामुळे प्रत्येक १०० मिलिलिटरमधून कमी काढावे लागते. म्हणून प्रत्यक्षात शिरेतले सॅच्युरेशन ४७ पेक्षा बरे सापडेल. हिशेब ‘हृदयाने काहीच केले नाही तर’ या अटीवर आहे. हा भाग रक्ताभिसरणाच्या पीपीटीत असतो, श्वसनाच्या नाही, आणि दोन पीपीटी एकमेकींशी बोलत नाहीत. पुस्तक वाचायचे ते मुख्यतः यासाठी.

---

रात्रपाळी (अंतिम वर्ष)

सर्वांचा मान राखून वेगळे मत मांडतो. प्रथम वर्षाला शरीररचना, शरीरक्रिया आणि जीवरसायन हे तीन विषय, त्यात डिसेक्शन, प्रात्यक्षिके आणि इंटर्नल. अशा वेळी रोज रात्री कोरा कागद घेऊन आलेख काढणे कोणाला जमते? मी स्लाइड आणि मागील प्रश्नपत्रिका यांवर प्रथम वर्ष उत्तीर्ण झालो, आणि माझ्यासारखे पुष्कळ आहेत. विद्यापीठाच्या लेखी परीक्षेत ‘कर्व्ह काढा व त्यावर परिणाम करणारे घटक लिहा’ असाच प्रश्न येतो. रक्तक्षयाचे सॅच्युरेशन विचारणारे परीक्षक वायव्हात क्वचित भेटतात.

---

वारणाकाठची

उत्तीर्ण होता येते, हे मी नाकारत नाही. रोज प्रत्येक स्लाइडसाठी कागद घ्या असेही माझे म्हणणे नाही. तासात अशी आकृती एखादीच असते. बाकीच्या स्लाइडवर वर्गीकरणे आणि याद्या असतात, त्यांच्यासाठी स्लाइड पुरते आणि पुस्तक उघडणे हा वेळेचा अपव्यय आहे. प्रश्न कोणती स्लाइड कोणत्या प्रकारची आहे हे ओळखण्याचा आहे. माझी खूण अशी: स्लाइडवर बाण किंवा आलेख असेल, आणि त्या बाणाच्या दोन टोकांमध्ये काय घडते हे मला बोलून सांगता येत नसेल, तर ती स्लाइड अपुरी आहे.

इंटर्नशिपमध्ये वॉर्डात उभे राहिल्यावर हा कर्व्ह परत भेटतो, एवढे मात्र सांगते. रक्तक्षयाच्या रुग्णाच्या बोटाला ऑक्सिमीटर लावून ‘९८ आहे, ठीक आहे’ म्हणणारे कनिष्ठ दिसतात.

---

वाईकर

मी वैद्यकीय क्षेत्रातला नाही, पण ऑक्सिमीटरचा विषय निघाला म्हणून विचारतो. आमच्या घरी करोनाच्या काळात घेतलेले यंत्र आहे. वडील वाईला असताना ते ९७ दाखवते आणि महाबळेश्वरला मुक्कामी गेलो की ९४ किंवा ९५. यंत्र बिघडले आहे, की डॉक्टरांना दाखवावे? स्लाइडवर याचे काही असते का?

---

अजिंक्यतारा

वाईकर, तुमच्या वडिलांबद्दल येथे बसून मत देणे योग्य नाही. त्यांना दम लागत असेल किंवा आधीचा काही आजार असेल तर डॉक्टरांना अवश्य दाखवा. उंचीचा परिणाम मात्र समजावून सांगता येतो, आणि योगायोगाने तो याच कर्व्हचा आहे. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून साडेतेराशे मीटरच्या आसपास उंच आहे. तेथे हवेचा दाब ७६० ऐवजी साधारण ६४५ मिलिमीटर असतो. त्यातून श्वासमार्गातल्या बाष्पाचे ४७ वजा केले आणि उरलेल्याचे २१ टक्के घेतले तर आत जाणाऱ्या हवेतील ऑक्सिजनचा दाब सुमारे १२५ येतो, जो समुद्रसपाटीला १५० असतो. वायुकोशांत आणि धमनीत तो आणखी खाली, सत्तरीच्या घरात येतो. दाब इतका उतरूनही सॅच्युरेशन दोन-तीन टक्क्यांनीच घसरते, कारण आपण अजून सपाट भागावर आहोत. घरगुती यंत्रात दोन टक्क्यांचा फरक तसाही पडतो, त्यामुळे एका आकड्यावरून काही ठरवू नये.

विद्यार्थ्यांसाठी: हाच सपाट भाग ६० मिलिमीटरपाशी, म्हणजे ९० टक्क्यांजवळ संपतो आणि तेथून खाली उतार तीव्र होतो. ९० या आकड्याला वॉर्डात इतके महत्त्व का, याचे उत्तर रेषेच्या वळणात आहे. स्लाइडवर ‘सिग्मॉइड आकार’ एवढेच लिहिलेले असते.

---

यंत्रकला (अभियांत्रिकी, सांगली)

आमच्याकडे हीच तक्रार वेगळ्या रूपात आहे. स्लाइड बंदच केल्या पाहिजेत असा ताईंचा सूर दिसतो आणि माझा त्याला पाठिंबा आहे. बीमच्या बेंडिंग मोमेंटची आकृती आमचे सर ॲनिमेशनने टप्प्याटप्प्याने उभी करतात: आधी आधारांवरच्या प्रतिक्रिया, मग शिअर फोर्स, मग मोमेंट. ग्रुपवर तीच पीडीएफ होऊन येते तेव्हा सगळे टप्पे एकाच पानावर एकमेकांवर छापलेले असतात आणि कोणती रेषा आधी आली ते कळत नाही. फळ्यावर खडूने काढले असते तर हा प्रश्नच आला नसता.

---

वारणाकाठची

स्लाइड बंद कराव्यात असे मी कोठेही म्हटलेले नाही. ऊतींचे सूक्ष्मदर्शकातले चित्र फळ्यावर काढता येत नाही. तुमच्या पीडीएफच्या अडचणीवर उपाय आहे. सरांकडे मूळ पीपीटीची फाइल मागा आणि स्लाइड शो लावून पाहा, म्हणजे क्रम दिसेल. मूळ फाइलमध्ये स्लाइडखाली नोट्सचा भागही असतो आणि काही शिक्षक तेथे बरेच लिहून ठेवतात. पीडीएफ करताना तो भाग सहसा गळतो. झेरॉक्सच काढायची असेल तर एका पानावर दोनच स्लाइड घ्या. कागद थोडा जास्त लागतो, पण अक्ष वाचता येतात आणि लिहायला समास उरतो.

---

अगस्ती

सपाट भागाचे आता समजले. आणखी एक विचारतो. आमच्या स्लाइडवर १.३४ आहे, वर्गमित्राच्या पुस्तकात १.३९ आहे आणि एका ठिकाणी १.३६ सापडले. परीक्षेत कोणता लिहायचा? आणि ‘डावीकडे सरकवणारे घटक’ या यादीत कार्बन मोनॉक्साइड आहे. डावीकडे सरकणे म्हणजे हिमोग्लोबिन ऑक्सिजन घट्ट धरते, म्हणजे सॅच्युरेशन वाढते. मग तो विषारी कसा?

---

अजिंक्यतारा

१.३९ हा शुद्ध हिमोग्लोबिनच्या रेणुभारावरून काढलेला आकडा आहे. प्रत्यक्ष रक्तात थोडे हिमोग्लोबिन ऑक्सिजन धरण्यास निकामी स्वरूपात असते, म्हणून मोजल्यावर तो कमी भरतो. कोणताही लिहा, मात्र एका उत्तरात एकच वापरा.

कार्बन मोनॉक्साइडचा प्रश्न चांगला आहे, कारण या यादीत त्याला बसवणे हीच मला स्लाइडची सर्वांत मोठी अडचण वाटते. तापमान किंवा आम्लता रेषा नुसती सरकवतात. हा वायू दोन गोष्टी एकदम करतो. ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटून तो हिमोग्लोबिनच्या जागा बळकावतो, त्यामुळे माल कमी होतो, जसा रक्तक्षयात. शिवाय ज्या जागा उरतात त्या ऑक्सिजन सोडायला नाखूष होतात, आणि हे रक्तक्षयात होत नाही, तेथे उलट घडते. म्हणून निम्मे हिमोग्लोबिन या वायूने व्यापलेला माणूस निम्मे हिमोग्लोबिन असलेल्या रक्तक्षयाच्या रुग्णापेक्षा कितीतरी गंभीर असतो. टक्केवारीच्या अक्षावर यातला पहिला भाग दिसूच शकत नाही. बंद न्हाणीघरातल्या गॅस गिझरमुळे बेशुद्ध झालेल्या माणसाच्या बोटाला साधे ऑक्सिमीटर लावले तर ते या वायूने भरलेले हिमोग्लोबिनही ऑक्सिजनचेच समजते आणि जवळपास नेहमीचा आकडा दाखवते.

---

रात्रपाळी

हे मला अंतिम वर्षापर्यंत असे जोडून कोणी सांगितले नव्हते, हे मान्य करतो. तरीही सर, एवढे एका तासात सांगणे शिक्षकालाही शक्य नाही. मग पीपीटी तासाआधी द्यावी की नंतर? आधी दिली तर मुले तासाला येत नाहीत.

---

अजिंक्यतारा

मी नंतर देत असे. माझे एक सहकारी आधी देत आणि त्यांच्या वर्गातले प्रश्न माझ्या वर्गापेक्षा चांगले असत. उपस्थिती मात्र त्यांची कमी असे. आम्ही दोघे यावर शेवटपर्यंत एकमत झालो नाही.

---

वारणाकाठची

मला आधी मिळालेली आवडे, पण ती ओळी न वाचता चाळणाऱ्यासाठी.

अगस्ती, पुढच्या तासाला तुम्हाला कार्बन डायऑक्साइडच्या वहनाचा कर्व्ह येईल. पीपीटी हातात पडली की आधी उभा अक्ष वाच. तेथे टक्के नसतील, १०० मिलिलिटरमागे मिलिलिटर असतील. असे का, हा पहिला प्रश्न. ती रेषा एस अक्षरासारखी न वळता आपल्या कामाच्या टप्प्यात जवळपास सरळ का जाते, हा दुसरा. आणि त्या स्लाइडवर बोर व हाल्डेन हे दोन परिणाम शेजारी शेजारी असतील, तर कोणता कोणत्या वायूच्या कर्व्हवर दिसतो ते नावे झाकून सांगून पाहा. बोर म्हणजे क्रिस्टियन बोर, अणूच्या रचनेमुळे गाजलेल्या नील्स बोर यांचे वडील. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी १९०४ मध्ये तो परिणाम मांडला. हे कोणी विचारत नाही, पण माझ्या लक्षात मात्र त्यामुळेच राहिले.

---

अगस्ती

ताई, पीपीटी आजच आली. अक्षावर मिलिलिटरच आहेत. मग ऑक्सिजनचा कर्व्हसुद्धा मिलिलिटरमध्ये काढून दोन्ही एकाच कागदावर घेता येतील का?

---

अजिंक्यतारा

येतील, आणि काढाच. ऑक्सिजन धमनीत साधारण २०, शिरेत १५. कार्बन डायऑक्साइड धमनीत ४८ च्या आसपास, शिरेत ५२. आडव्या अक्षावर ऑक्सिजनसाठी ९५ आणि ४०, कार्बन डायऑक्साइडसाठी ४० आणि ४६ या खुणा कर. त्यानंतर हिमोग्लोबिन ७ धरून ऑक्सिजनची रेषा त्याच कागदावर दुसऱ्या रंगाने काढ आणि कागदाचा फोटो येथे टाक.